एका फॉलिकलचा हिशेब

"मॅडम, मला लेट्रोझोल दिलंय. पाकिटातल्या कागदावर लिहिलंय की ते स्तनाच्या कॅन्सरचं औषध आहे. ते घेऊनही बाराव्या दिवशी एकच फॉलिकल दिसलं, तेही 11 मिलिमीटरचं. माझ्या मावसबहिणीला क्लोमिफेनवर तीन आली होती. मग मला ते का नाही दिलं?"

वंध्यत्वावरच्या उपचारांसाठी येणाऱ्या स्त्रियांशी बोलणं हे माझं काम. हा प्रश्न थोडेफार शब्द बदलून इतक्या जणींकडून आला आहे, की एकदा नीट लिहून काढावा असं वाटलं. फॉलिकल म्हणजे अंडाशयातली छोटी पिशवी, जिच्यात बीज वाढतं. ज्या स्त्रीच्या तोंडचे शब्द वर दिले आहेत, तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वय तिशीच्या आत, पीसीओएस हा अंडाशयाचा संप्रेरकांशी निगडित विकार, पाळी दोन-दोन महिन्यांनी येणारी. गर्भनलिका मोकळ्या आणि नवऱ्याचा वीर्याचा अहवाल चांगला. म्हणजे अडचण एकच होती: बीज वेळच्या वेळी तयार होऊन बाहेर पडत नव्हतं. लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत, रोज एक गोळी.

समोर बसल्या बसल्या तिने दोन रिपोर्ट टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. एक तिचा, एक बहिणीचा, मोबाइलवर मागवून घेतलेला. मला वाटतं, तिचा प्रश्न तिच्या शब्दांपेक्षा त्या दोन कागदांच्या मांडणीत जास्त होता. फॉलिक्युलर स्टडीचा, म्हणजे फॉलिकलची वाढ मोजणाऱ्या सोनोग्राफीचा रिपोर्ट ती गुणपत्रिकेसारखा वाचत होती. तीन म्हणजे जास्त गुण, एक म्हणजे काठावर पास. माणसाला घटनेपेक्षा घटनेला लावलेला अर्थ अधिक छळतो, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. म्हणून औषधाची माहिती द्यायची घाई केली नाही. एवढंच विचारलं, "बहिणीच्या त्या तीन फॉलिकलचं पुढे काय झालं?"

"ते नाही माहीत."

"विचाराल का तिला?"

तीन दिवसांनी पुढच्या स्कॅनला आली, तेव्हा खोलीत शिरतानाच म्हणाली, "मॅडम, त्या महिन्यात तिला डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं. तिन्ही 16 मिलिमीटरच्या वर गेली होती. बीज सुटण्यासाठीचं ट्रिगरचं इंजेक्शन दिलं नाही, वर संबंधही टाळा म्हणाले. जुळ्या-तिळ्यांचा धोका. आणि गर्भाशयाचं अस्तरही पातळ होतं, साडेपाच मिलिमीटर."

मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं: "म्हणजे तिच्या तीनांना थांबवलं, आणि माझ्या एकाला पुढे नेतायत."

या वाक्यापर्यंत ती स्वतः आली, आणि माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग मी हाच मानते. हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा ते दोन कागद शेजारी ठेवले असते. आता मात्र तिने खरा प्रश्न विचारला: "पण माझं एकावरच का थांबलं? आणि तिचं का नाही थांबलं?"

आता औषधाबद्दल बोलायची वेळ आली होती.

दोन्ही औषधांना एकच गोष्ट साधायची असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक जास्त सुटलं पाहिजे, कारण फॉलिकल त्याच्यावर वाढतं. मेंदू रक्तातलं इस्ट्रोजेन सतत जोखत असतो. ते पुरेसं वाटलं की एफएसएच कमी करतो, कमी वाटलं की वाढवतो. तेव्हा एफएसएच वाढवायचं, तर मेंदूला इस्ट्रोजेन कमी वाटलं पाहिजे. इथपर्यंत दोन्ही औषधांची वाट एक आहे.

क्लोमिफेन इस्ट्रोजेनला हात लावत नाही. पेशींवर इस्ट्रोजेन ज्या जागी येऊन चिकटतं, त्या जागा ते स्वतः अडवून बसतं. इस्ट्रोजेन रक्तात असतं, पण मेंदूला ते जाणवत नाही, म्हणून एफएसएच वाढतं. अडचण पुढे येते. क्लोमिफेन शरीरातून हळू जातं. त्याचा एक घटक तर काही आठवडे रेंगाळतो. फॉलिकल मोठं होऊन भरपूर इस्ट्रोजेन बनवू लागलं, तरी मेंदूला त्याची पूर्ण जाणीव होत नाही आणि एफएसएच लवकर उतरत नाही. एरवी उपासमारीने मागे पडली असती ती दुसरी-तिसरी फॉलिकलही मग पोसली जातात. इस्ट्रोजेनच्या अशाच जागा गर्भाशयाच्या अस्तरात आणि गर्भाशयमुखाच्या स्रावातही असतात. तिथेही अडवणूक झाली की काहीजणींचं अस्तर पातळ राहतं. बहिणीची तीन फॉलिकल आणि साडेपाचचं अस्तर यांचा उगम असा एकाच ठिकाणी असू शकतो.

लेट्रोझोल कोणतीही जागा अडवत नाही. अँड्रोजेन या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते काही दिवस रोखतं. इस्ट्रोजेन खरोखरच कमी होतं, मेंदूला ते कळतं आणि एफएसएच वाढतं. सातव्या दिवशी शेवटची गोळी. या औषधाचं प्रमाण साधारण दोन दिवसांत निम्म्यावर येतं, त्यामुळे बाराव्या दिवसापर्यंत बरंचसं निघून गेलेलं असतं. तोवर एखादं फॉलिकल पुढे निघून इस्ट्रोजेन बनवू लागतं. मेंदूच्या जागा मोकळ्या असल्याने त्याला ते लगेच कळतं, तो एफएसएच खाली आणतो, आणि कमी एफएसएचवर तगून राहण्याची ताकद फक्त त्या पुढे गेलेल्या फॉलिकलमध्ये असते. बाकीची विरतात. अस्तरालाही इस्ट्रोजेन मोकळेपणी मिळतं. लेट्रोझोलवर दोन फॉलिकल येतच नाहीत असं नाही, पण एक येणं ही त्या औषधाची नेहमीची चाल आहे.

"म्हणजे एकच येणं हे बरोबर आहे?" तिने विचारलं. बरोबर आहे. पाळी नियमित असलेल्या स्त्रीतही बहुतेक महिन्यांत हेच घडतं.

कॅन्सरची भीती मात्र एवढ्याने जात नाही, कारण पाकिटातला कागद खोटं सांगत नाही. रजोनिवृत्तीनंतर शरीरातली चरबी वगैरे ऊती याच अरोमाटेजच्या मदतीने इस्ट्रोजेन बनवत राहतात आणि स्तनाच्या काही गाठी त्याच्यावर वाढतात. त्या स्त्रियांना लेट्रोझोल रोज, कित्येक वर्षं दिलं जातं. इथे एन्झाइम तेच, पण दिवस पाच. रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रीने घेऊ नये असंही त्या कागदावर असतं, कारण तो कॅन्सरच्या मंजूर वापरासाठी लिहिलेला असतो. बीजनिर्मितीसाठीचा वापर अनेक ठिकाणी त्या मंजुरीबाहेरचा आहे. डॉक्टरांनी हे आधी सांगून संमती घ्यायला हवी. सांगितलं नसेल, तर खुशाल विचारावं. तो तुमचा हक्क आहे.

बाळात व्यंग येईल ही धास्ती 2005 मध्ये एका परिषदेत मांडलेल्या छोट्या सादरीकरणातून पसरली. त्यातली तुलनाच सदोष होती. पुढच्याच वर्षी 911 नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या बाळांत व्यंगांचं प्रमाण 2.4 टक्के होतं, क्लोमिफेननंतर 4.8 टक्के. शिवाय या गोळ्या गर्भ राहण्याच्या आठवडाभर आधीच संपलेल्या असतात. एक खबरदारी मात्र पाळायचीच: गर्भ आधीच राहिलेला असताना गोळ्या सुरू होऊ नयेत. पीसीओएसमध्ये पाळीचा भरवसा नसतो आणि थोडासा रक्तस्राव पाळी समजला जाऊ शकतो. शंका असेल तर आधी गर्भचाचणी करावी.

क्लोमिफेन वाईट औषध आहे असा अर्थ कुणी काढू नये. 1960 च्या दशकापासून त्याने असंख्य घरांत पाळणे हलवले आहेत. पण पीसीओएसबाबत 2014 मध्ये 750 स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. पाच सायकलपर्यंतच्या उपचारांत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के. आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही पीसीओएसमध्ये लेट्रोझोलला पहिली पसंती देतात. त्रास दोन्हींचे वेगळे: क्लोमिफेनने अंगातून गरम वाफा जास्त, लेट्रोझोलने थकवा आणि चक्कर. क्लोमिफेन घेताना नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवायचं.

आता तिच्या 11 मिलिमीटरचं. एका स्कॅनवरून निकाल लावू नये, हे मी प्रत्येकीला सांगते. गती पाहायची. 10-12 मिलिमीटरच्या पुढे गेलेलं फॉलिकल रोज साधारण दीड ते दोन मिलिमीटर वाढतं. दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी मोजलं तर एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. पीसीओएसमध्ये सुरुवात अनेकदा उशिरा होते, त्यामुळे बाराव्या दिवशीचं 11 हे अपयश नव्हतं, फक्त उशिराची सुरुवात होती. तिचं फॉलिकल पंधराव्या दिवशी 16 झालं आणि बाकीची सगळी 8 च्या आतच राहिली. सतराव्या दिवशी 20. अस्तर पहिल्या वेळी 5.8 होतं, ते 8 वर गेलं आणि त्यात चांगलं लक्षण मानल्या जाणाऱ्या तीन रेषा स्पष्ट दिसू लागल्या. त्या दिवशी एचसीजीचं ट्रिगर इंजेक्शन दिलं. बीज साधारण 36 ते 40 तासांनी सुटतं, म्हणून संबंध त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस. विसाव्या दिवसाच्या स्कॅनमध्ये फॉलिकल आक्रसलं होतं आणि गर्भाशयामागे थोडं पाणी दिसलं. आठवड्याने रक्तातलं प्रोजेस्टेरॉनही बीज सुटल्याची साक्ष देण्याइतकं आलं.

वाढ झालीच नसती, म्हणजे एकही फॉलिकल 10-12 च्या पुढे गेलं नसतं, तर डॉक्टरांनी डोस 5 आणि मग 7.5 मिलिग्रॅमपर्यंत नेला असता. फॉलिकल मोठं होऊनही न फुटता तसंच राहिलं असतं, तर प्रश्न वेगळा ठरला असता. शेवटचा स्कॅन "आता कशाला" म्हणून टाळणाऱ्या बायका बऱ्याच असतात. फुटलं की नाही हे त्यातच कळतं, म्हणून तो टाळू नका असं मी आग्रहाने सांगते. (आमच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टर म्हणतात, माझ्याकडून आलेली पेशंट टेबलावर आडवी होण्याआधीच अस्तराचा आकडा विचारते. मी हसून सोडून देते, पण ऐकायला बरं वाटतं.)

त्या महिन्यात तिला पाळी आली. रडली, आणि ते स्वाभाविकच होतं. पण या वेळी तिच्या हातात एकच कागद होता, स्वतःचा. "या वेळी डोस वाढवतील ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा, पण बहुधा नाही वाढवणार. डोस बीज सुटत नसेल तर वाढवतात. तुमचं 2.5 वर सुटलं. बीज सुटूनही एका महिन्यात गर्भ न राहणं हे कुठलीही अडचण नसलेल्या जोडप्यांतही सर्रास घडतं. डॉक्टरांनी तोच डोस ठेवला, आणि पहिला स्कॅन बाराव्याऐवजी तेराव्या दिवशी लावला, कारण तिचं फॉलिकल उशिरा निघतं हे आता सगळ्यांना माहीत होतं.