तिसऱ्या राउंडआधी उमेदवारी मागे घेताना

नोकरीच्या मुलाखतीचे दोन राउंड झालेत, तिसरा गुरुवारी आहे. वडिलांना पक्षाघात झाल्याने मला गावी जावं लागतंय. एचआरला मेल कसा लिहू?

आजच लिहा. नवा मेल नको, मुलाखतीचं निमंत्रण ज्या मेलमध्ये आलं त्यालाच उत्तर द्या, म्हणजे पद आणि तारीख शोधावी लागत नाही.

"नमस्कार मॅडम, वडिलांच्या अचानक आजारपणामुळे मला काही महिने गावी राहावं लागणार आहे. त्यामुळे या पदासाठीची माझी उमेदवारी मी मागे घेत आहे. कृपया गुरुवारची मुलाखत रद्द करावी. दोन्ही फेऱ्यांसाठी आपण दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार."

यातलं ‘मागे घेत आहे’ गाळू नका. लोक संकोचाने ‘सध्या जमणार नाही’ लिहितात. एचआरला वाटतं तारीख बदलून हवी आहे, आणि दवाखान्यात असताना फोन येत राहतात. खरंच तारीखच पुढे हवी असेल, तर माघार न घेता तेवढंच मागा.

आजाराचा तपशील किंवा रिपोर्ट देण्याची गरज नाही. मुलाखत उद्यावर असेल तर मेलनंतर एक फोनही करा. पॅनेलने तुमच्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो.

वडिलांना लवकर बरं वाटो.