फारसी साक्षीत ‘मीज़दे’ आणि ‘आमदे बूदे-अंद’ : इंग्रजीत काय करावं?

प्रश्न : एका इराणी बाईंचं साक्षीदार म्हणून दिलेलं निवेदन मी इंग्लंडमधल्या दिवाणी खटल्यासाठी फारसीतून इंग्रजीत आणते आहे. त्यात ‘मीज़दे’, ‘आमदे बूदे-अंद’ अशी रूपं वारंवार येतात. व्याकरणात याला ऐकीव भूतकाळ म्हटलंय. मग प्रत्येक ठिकाणी ‘आय वॉज टोल्ड’ लिहू का? की साधा भूतकाळ पुरेल?

उत्तर : दोन्ही नको. साध्या भूतकाळात बाई प्रत्यक्षदर्शी ठरतात आणि ‘आय वॉज टोल्ड’मध्ये त्यांनी न उल्लेखलेला एक सांगणारा माणूस उभा राहतो.

‘ऐकीव’ हे नाव थोडं फसवं आहे. फ्रेंच इराणविद्यातज्ज्ञ जिल्बेर लाज़ार यांनी या रूपांसाठी ‘मेदियातीफ’ ही संज्ञा वापरली, ती मला जास्त नेमकी वाटते. बोलणारा घटनेपर्यंत थेट पोचलेला नाही, मधल्या कशाच्या तरी आधाराने पोचला आहे, एवढंच हे रूप सांगतं. तो आधार शेजाऱ्याचं बोलणं असेल किंवा टेबलावरचे चहाचे उष्टे पेले असतील. मराठीभाषक म्हणून आपल्या मनात लगेच ‘म्हणे’ येतं, पण ‘म्हणे’ फक्त ऐकलेल्या गोष्टीला चालतं आणि त्यात अविश्वासाची छटाही सहज मिसळते. फारसी रूपात कधी आपलं ‘म्हणे’ असतं, कधी ‘आलेले दिसतात’मधलं ‘दिसतात’ असतं. नुसत्या क्रियापदावरून त्यांतलं कोणतं, हे कळत नाही.

शिवाय सगळी रूपं सारखी नाहीत. ‘रफ़्ते अस्त’ हा फारसी व्याकरणात माज़ी-ये नक़्ली म्हटला जाणारा काळ पुष्कळदा साधा पूर्ण वर्तमानकाळ असतो : तो गेलाय, आत्ता इथे नाही. त्यात परोक्षपणा आहे की नाही, ते संदर्भावरून ठरवावं लागतं. मात्र त्याला ‘मी-’ हा फारसी उपसर्ग लागून ‘मीरफ़्ते अस्त’ झालं, किंवा ‘रफ़्ते बूदे अस्त’ असं दुहेरी रूप आलं, की बहुतेक वेळा बोलणारा स्वतः तिथे नव्हता असंच समजायचं. तुम्ही दिलेली दोन्ही रूपं या दुसऱ्या गटातली आहेत.

नमुन्यादाखल मी रचलेला हा तुकडा बघा : ‘साअते नोह रसीदम. दीदम शीशे रा शेकस्ते-अंद. क़ब्ल अज़ मन दो नफ़र आमदे बूदे-अंद. बरादरम दाद मीज़दे.’ म्हणजे : नऊला मी पोचले. पाहिलं तर काच फोडलेली. माझ्याआधी दोघं जण येऊन गेलेले. माझा भाऊ ओरडत होता (पण ते ओरडणं मी स्वतः ऐकलेलं नाही).

पहिलं वाक्य सरळ आहे. खरा धोका दुसऱ्यात आहे. ‘दीदम’ म्हणजे ‘मी पाहिलं’ आणि ‘शेकस्ते-अंद’ अनेकवचनी, म्हणून घाईत ‘आय सॉ देम ब्रेक द विंडो’ लिहिलं जातं. बाईंनी काच फुटताना पाहिलेली नाही, फुटलेली काच पाहिली. हे अनेकवचनही कुणा ठरावीक माणसांकडे बोट दाखवत नाही. कर्ता माहीत नसला की फारसीत असंच बोलतात. म्हणून ‘आय सॉ दॅट द विंडो हॅड बीन ब्रोकन’. इथे ‘अपॅरन्टली’ची गरज नाही, कारण पाहणं प्रत्यक्ष आहे आणि ‘हॅड बीन’ने फोडणं त्याआधीचं ठरतं.

तिसऱ्या-चौथ्या वाक्यांत मात्र इंग्रजीला वेगळा शब्द लागतो, कारण इंग्रजी क्रियापदात ही सोयच नाही. ‘टू पीपल हॅड अपॅरन्टली कम बिफोर मी’ आणि ‘माय ब्रदर हॅड अपॅरन्टली बीन शाउटिंग’. ‘अपॅरन्टली’ ऐकीव माहिती आणि तर्क दोघांनाही चालतं, म्हणून ते घ्यायचं. ‘रिपोर्टेडली’ला बातमीचा वास येतो. ‘अलेजेडली’ तर कधीच नको, त्यात आरोप येतो आणि बाईंचाच त्यावर विश्वास नसल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर ‘अपॅरन्टली’तही थोडी शंका डोकावते, जी फारसीत नाही. म्हणून भाषांतराच्या सुरुवातीला एक टीप द्या : मूळ फारसीत अप्रत्यक्ष माहितीचं क्रियारूप आहे तिथे हा शब्द वापरला आहे, तो साक्षीदाराची शंका दाखवत नाही, आणि मूळ रूपातून माहितीचा स्रोत कळत नाही. मग हा शब्द दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरू नका. मागच्याच वाक्यात ‘हमसाये गोफ़्त’ असेल, तर स्रोत बाईंनीच दिला आहे. तिथे ‘अवर नेबर सेड दॅट’ पुरे, वर पुन्हा ‘अपॅरन्टली’ नको.

तुमच्या कामात हे सगळं फार नाजूक आहे, कारण इंग्लंड-वेल्सच्या दिवाणी न्यायालयांसाठीच्या प्रॅक्टिस डायरेक्शन 32 मधल्या परिच्छेद 18.2 नुसार निवेदनात स्वतःला माहीत असलेलं कोणतं आणि इतरांकडून कळलेलं किंवा समजुतीवर आधारलेलं कोणतं, हे वेगळं दाखवावं लागतं, स्रोतही द्यावा लागतो. फारसीने त्यातली अर्धी वाट क्रियापदातच करून ठेवली आहे. उरलेली अर्धी भाषांतरकाराने मनाने भरायची नाही. अशी वाक्यं खूण करून वकिलांकडे पाठवा आणि ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ एवढंच विचारायला सांगा. ‘कुणी सांगितलं?’ हा प्रश्न उत्तर सुचवतो.

प्रथमपुरुषी रूपं तर डोळ्यांत तेल घालून बघा. डोक्याला मार लागलेली बाई ‘दाद मीज़दे-अम’ म्हणते, तेव्हा आपण ओरडत होतो हे तिला नंतर कळलेलं असतं, आठवत नसतं. नुसतं ‘आय वॉज शाउटिंग’ लिहिलं, तर उलटतपासणीत ‘काय ओरडत होता?’ विचारलं जाईल आणि ‘आठवत नाही’ हे खरं उत्तर टाळाटाळ वाटेल. एका प्रत्ययाच्या चुकीने खरं बोलणारी बाई खोटी ठरू नये, म्हणून इथे ‘अपॅरन्टली, आय वॉज शाउटिंग’ हवंच.

उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. तुर्कीत असा भेद जितका काटेकोर पाळतात तितका फारसीत पाळत नाहीत. स्वतः न पाहिलेली घटनाही लोक साध्या भूतकाळात सांगून जातात. पुढे ‘बरादरम रा बोर्दंद’, म्हणजे ‘भावाला घेऊन गेले’, आलं तर बाईंनी ते पाहिलंच असं त्यातून सिद्ध होत नाही. ‘दे टुक माय ब्रदर अवे’ लिहा; ‘आय सॉ’ही जोडू नका आणि ‘अपॅरन्टली’ही.

निवेदन ध्वनिमुद्रणावरून उतरवलेलं असेल, तर मूळ आवाज मागून घ्याच. तेहरानच्या बोलीत ‘रफ़्तंद’ आणि ‘रफ़्ते-अंद’ दोन्हींचं ‘रफ़्तन’ होतं. आघात पहिल्या अक्षरावर असेल तर ‘ते गेले’ हा साधा भूतकाळ, शेवटच्या अक्षरावर असेल तर माज़ी-ये नक़्ली. बोलीप्रमाणे उतरवलेल्या कागदावर दोन्ही बहुधा एकसारखीच दिसतात. तृतीयपुरुषी एकवचनात ‘रफ़्त’ आणि ‘रफ़्ते’ वेगळी राहतात, त्यामुळे तिथे कागदावर भरवसा ठेवता येतो. अनेकवचनी आणि प्रथमपुरुषी वाक्यं तेवढी कानाने तपासा.