इंग्रजीतलं ‘सॉरी’ आतपर्यंत का पोचत नाही?

प्रश्न: पुढच्या वर्षी नोकरीसाठी परदेशी जातोय. इंग्रजी चांगलं आहे. पण तिथले मित्र म्हणतात, कौतुक असो की माफी, इंग्रजीत काही मनाला लागतच नाही. हे खरं आहे का? सवयीने जातं का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि इंग्रजी किती चांगलं आहे यापेक्षा ते कधी आणि कुणाकडून शिकलात यावर ते जास्त ठरतं. २००३ साली मानसशास्त्रज्ञ कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषेच्या लोकांच्या बोटांना सेन्सर लावून, भावना चाळवल्या की वाढणारा त्वचेतला सूक्ष्म घाम मोजला होता. ही मंडळी इंग्रजी बालपणानंतर शिकलेली. लहानपणी आई-वडील रागावतात तसली वाक्यं तुर्कीत ऐकली की प्रतिसाद जोरदार यायचा, इंग्रजीत तो बराच कमी. काहींना तर घरच्या माणसांचा आवाजच ऐकू आल्यासारखा झाला. कारण लाज, भीती, शाबासकी आपण शिकलो तेव्हा कानावर जी भाषा पडत होती, ती त्या भावनेसोबतच रुजली. इंग्रजी आपल्याकडे आली ती धडे आणि परीक्षांमधून.

माफीत याची खरी अडचण होते. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मराठी मुलाने सहकारी बाईंचं काम त्यांना न विचारता बदललं, आणि नंतर हसून ‘सॉरी’ म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला. बाईंची मातृभाषा इंग्रजी. कुणाचा चुकून धक्का लागल्यावर म्हणतात तितपतच ते त्यांना वाटलं. दोन दिवस त्या त्याच्याशी तुटक बोलत होत्या. मी त्याला बाजूला घेऊन मराठीत म्हटलं, ‘नक्की काय केलंस ते सांग बघू.’ सांगता सांगता बिचाऱ्याचा चेहराच पडला. मग इंग्रजीत जाऊन बोलला तेव्हा आपण काय बदललं, त्यामुळे त्यांना काय निस्तरावं लागलं आणि यापुढे काय करणार, हे सगळं आलं. बाई निवळल्या. तेव्हा महत्त्वाची माफी आधी मनात मराठीत मागून बघा.

कौतुकाचं दुखणं वेगळं. साहेब मनापासून ‘ग्रेट जॉब’ म्हणतात आणि आपल्याला ते वरवरचं वाटतं. त्यावरून साहेबांना खोटं ठरवू नका. आणि टीकाही अशीच बोथट होऊन पोचते, हे जास्त धोक्याचं. पगाराच्या वाटाघाटीत हा कोडगेपणा उपयोगी पडतो म्हणा, पण वार्षिक आढाव्यात सौम्य शब्दांत दिलेला इशाराही तसाच निसटतो. साहेबांचं वाक्य लिहून घ्या आणि घरी मराठीत वाचा. पोटात गोळा आला, तर तो इशारा होता.

सवयीने कमी होतं, पण नुसती वर्षं काढून नाही. त्या भाषेत मैत्री, भांडणं, प्रेम झालं तर ती अंगात भिनते. ज्यांच्या ऑफिसाबाहेरच्या सगळ्या गप्पा मराठीतच चालतात, त्यांचं इंग्रजी खूप वर्षांनीही कोरडंच राहिलेलं मी पाहिलंय. मुलं लहान असतील तर त्यांचं निराळं: लहानपणीच दुसरी भाषा शिकलेल्यांना दोन्ही भाषांतली बोलणी जवळपास सारखीच लागतात, असं हॅरिस यांना स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये दिसलं होतं.