काळा कॅमेरा

ताई,
जुन्या बाजारात माझं दुकान आहे. परवा एकाने घासाघीस करून लायका एम३ कॅमेरा नेला. काळा, कडांचा रंग उडालेला. जाताना म्हणाला, "नवा रंग मारून घेतो." चामडी कव्हर सापडलं तर कळवा म्हणून फोन नंबरही देऊन गेला. रात्री माझ्याकडच्या फोटोत वरचा नंबर वाचला. तो कारखान्यातून काळ्या रंगात निघालेल्या गटातला आहे. आता झोप नाही. परत मागू का?
– एक विक्रेता

भाऊ, परत मागू नका, पण फोन आजच करा. घाई त्या रंगासाठी आहे.

एम३ १९५४ साली आला आणि दोन लाखांहून जास्त बनले, पण त्यातले बहुतेक चंदेरी क्रोमचे. काळे फार थोडे. चकाकी नको म्हणून वृत्तछायाचित्रकार काळा घ्यायचे आणि रोज वापरायचे. त्यामुळे कडांवरचा रंग झिजून खालचं पितळ दिसू लागतं. संग्राहक किंमत मोजतो ती याच झिजलेल्या मूळ रंगाची. तुमच्या गिऱ्हाइकाने तो खरवडून नवा मारला, की कॅमेरा चालेल, पण ते मोल पुन्हा येणार नाही.

खात्री मात्र अर्धीच धरा. चंदेरी कॅमेरा मागाहून काळा रंगवून विकणारे बरेच आहेत. अशाचा नंबर सहसा चंदेरी गटातला निघतो, तुमचा तसा नाही, ही जमेची बाजू. पण नंबर वरच्या पत्र्यावर कोरलेला असतो आणि पत्रा बदलता येतो. म्हणून जुने लायका उघडणाऱ्या जाणत्या कारागिराने तो हातात घेऊन पाहायला हवा. फोटोवरून मीही छातीठोक सांगणार नाही.

आता परत मागण्याचं. कॅमेरा तुमच्या हातात असताना शंका आली असती, तर "हा विकायचा नाही" म्हणता आलं असतं. भाव तुम्ही सांगितलात, त्याने कमी करायला लावला, तुम्ही हो म्हणालात. त्याने काही लपवलं नाही. त्यालाही माहीत नव्हतं, नाहीतर तो रंगवायला कशाला निघाला असता? आणि तुमच्याकडे तो कुठून आला? कुणाच्या तरी घरचं कपाट रिकामं होताना, खोक्यातल्या बाकी सामानाबरोबर आला असेल, तर त्या घरच्यांनाही तुम्ही परत बोलावलं नव्हतंत. मला हे टोचतं, म्हणून स्पष्ट लिहिते.

फोनवर एवढंच बोला: "रंगवू नका, पुसूही नका. नंबर काळ्या गटातला दिसतोय, आधी जाणकाराला दाखवा. मला काही नको." मग तो फोटो पाठवून द्या. विक्रीच्या दिवशी कॅमेरा कसा होता, याचा तो पुरावा आहे. पुढे कधी त्याने विकायला काढला, तर त्याच्या कामी येईल.

कव्हर सापडलं, तर तेही द्या. ते मात्र नीट भाव सांगून विका.