गप्प कसं होतं, ते सांगा

"बाळ रात्री किंचाळत उठतं. घरात म्हणतात दात येत असतील, नाहीतर लाडावलंय. सवयीनं रडतंय की दुखतंय, कसं कळायचं?"

उत्तरेश्वर पेठेतली एक आई अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली होती. तीन रात्री घरात कुणाला झोप नव्हती. सासूबाईंनी दृष्ट काढून झाली होती, नवऱ्याचं म्हणणं "रडू दे, लागेल सवय."

मी या "रडू दे"च्या बाजूची कधीच नव्हते, हे आधीच सांगते. पण इथं प्रश्न लाडाचा नव्हताच.

"आधी उठायचा का?"

"दोनदा. पाजलं की झोपायचा."

"आणि आता गप्प कसा होतो?"

तिनं थोडा विचार केला. "आजोबांच्या खांद्यावर, मॅडम. उभा धरला की डोळा लागतो. गादीवर टेकवला की पुन्हा किंकाळी."

"अंगावर पितो?"

"दोन घोट घेतो अन् तोंड सोडून रडतो. वाटीचमच्यानं मात्र पितो."

"सर्दी?"

"चार-पाच दिवस झाले."

मुलं का रडतात हे सगळे विचारतात. मी गप्प कशी होतात ते विचारते, आणि बहुतेकदा वाट तिथंच सापडते. सवयीनं उठलेलं मूल पाजलं, थोपटलं की निवतं. याला आडवं होणं आणि चोखणं, दोन्ही नकोसं झालं होतं. लहान मुलांची घशापासून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की पडद्यामागं पाणी साठतं, पू होतो. आडवं झालं की ठणका वाढतो. चोखता-गिळताना तिथला दाब बदलतो, म्हणून कळ येते. बाळ कान ओढतं का, हे मी शेवटी विचारते. झोप आली तरी मुलं कान ओढतात. ताप असेलच असंही नाही.

सासूबाई कोमट तेल घालणार होत्या. ते थांबवलं. पडदा फाटलेला असेल तर तेल आत जातं, आणि कान तपासायलाही अडचण होते. संध्याकाळीच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. उजव्या कानाचा पडदा लाल, फुगलेला निघाला. वजनाच्या हिशेबानं पॅरासिटामॉल दिलं आणि बाळ दोन वर्षांच्या आतलं म्हणून पुन्हा तपासणीला बोलावलं. अँटिबायोटिक द्यायचं की दोन दिवस वाट पाहायची, ते डॉक्टर कान बघून ठरवतात. घरात उरलेली जुनी बाटली काढू नये. कानामागं सूज आली, कान पुढं आला, मूल मलूल पडलं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. कधी कानातून पू येतो आणि रडं एकदम थांबतं. तेव्हा पडदा फुटलेला असतो. तो बहुधा आपोआप भरतो, पण दाखवायचं ते दाखवायचंच.

आठवड्यानं तिचा फोन. "अजून दोनदा उठतोय. औषध लागलं नाही काय?"

"गप्प कसा होतो?"

क्षणभर काही आवाज नाही. मग ती हसली. "पाजलं की."