तलावाच्या फोटोत होडी बसवताना प्रतिबिंब कुठे चुकते

प्रश्न : बेळगावच्या किल्ला तलावाच्या फोटोत मी दुसऱ्या फोटोतली होडी आणि नावाडी फोटोशॉपमध्ये बसवले, प्रतिबिंबही उलटे करून लावले, Displace वापरून लाटाही दिल्या. तरी होडी चिकटवल्यासारखीच दिसते. कुठे चुकते? आणि फोटोत असलेली होडी काढायची झाल्यास काय करावे?

उत्तर :

चूक बहुधा ‘उलटे करून लावले’ इथेच आहे. तुमचा कॅमेरा पाण्यापासून जितका वर आहे, तितकाच पाण्याखाली दुसरा कॅमेरा धरला आहे अशी कल्पना केली, तर त्या खालच्या कॅमेऱ्याला होडी जशी दिसेल तसे तिचे प्रतिबिंब असते. काठावरून पाहताना आपल्याला होडीच्या आतल्या आडव्या फळ्या आणि पलीकडच्या बाजूची आतली लाकडे दिसतात. प्रतिबिंबात ती कधीच दिसत नाहीत, तिथे फक्त अलीकडची बाहेरची बाजू आणि तिच्या कडेमागून डोकावणारा माणूस असतो. पूर्वी एका कॅलेंडरसाठी मी अशीच उलटी प्रत लावली होती. छापून आलेले पान हिडकल जलाशयाकडच्या एका नावाडीमामांना दाखवले, तेव्हा त्यांनी क्षणभर पाहून विचारले, “आतली फळी पाण्यात कशी दिसायली ओ?” मला त्या कामाचे पैसे मिळून गेले होते, पण उत्तर मात्र नव्हते.

प्रतिबिंबाआधी होडीचा आकार तपासून घ्यावा, कारण तो चुकला तर पुढचे सगळे वाया जाते. समजा फोटो काढताना कॅमेरा पाण्यापासून 1.6 मीटर उंच होता. मग फोटोतली क्षितिजरेषा पाण्यावरच्या प्रत्येक वस्तूला, ती जवळ असो वा दूर, पाण्यापासून 1.6 मीटर उंचीवरच छेदते. पलीकडच्या काठाची पाण्याची कड म्हणजे क्षितिज नव्हे. क्षितिज तिच्या किंचित वर असते. होडी जिथे पाण्याला टेकवायची तिथपासून क्षितिजापर्यंत 320 पिक्सेल भरले, तर त्या जागी एक मीटर म्हणजे 200 पिक्सेल, आणि आडवी दिसणारी चार मीटरची होडी 800 पिक्सेलची हवी. बसलेल्या नावाड्याचे डोके पाण्यापासून 1.1 मीटरवर असेल, तर ते क्षितिजाच्या वर जाऊच शकत नाही. मूळ होडीचा फोटो पुलावरून किंवा धरणाच्या भिंतीवरून घेतलेला असेल, तर तो सरळ बाजूला ठेवावा. ओढूनताणून बसवलेला तो कोन कुणाच्याही डोळ्यांत भरतो.

आता प्रतिबिंब. वरच्याच उदाहरणात होडी कॅमेऱ्यापासून 20 मीटरवर आहे आणि नावाडी अलीकडच्या बाजूपासून 60 सेंटिमीटर आत बसला आहे, असे धरू. हिशोब केला तर त्याचे डोके पाण्याच्या रेषेपासून वर सुमारे 223 पिक्सेल येते, पण प्रतिबिंबात खाली सुमारे 204 पिक्सेलच. उलट्या प्रतीत हे दोन्ही आकडे सारखे येतात आणि नेमका तोच 19 पिक्सेलांचा फरक, कारण न सांगता येता, खटकत राहतो. म्हणून होडीची अलीकडची बाहेरची बाजू एका लेयरवर आणि माणूस दुसऱ्या लेयरवर कापून घ्यावा व दोन्ही वेगवेगळे उलटे करावेत. बाजूचा लेयर पाण्याच्या रेषेवर जुळवावा, माणसाचा लेयर तिच्या मागे ठेवून 19 पिक्सेल वर सरकवावा, आणि आतल्या फळ्या पुसून टाकाव्यात. होडीची टोके वळलेली असल्याने तिथे फट पडते, ती Warp ने मिटवावी लागते.

लाटांबाबत आपल्या तलावाने एक सोय आयतीच करून दिली आहे. काठावरचा 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ तुमच्या फोटोत असेल, तर त्याच्या प्रतिबिंबाची बारीक उभी रेघ पाण्यात कशी तुटते, किती नागमोडी होते, हे पाहावे. त्या दिवशीच्या वाऱ्याची ती नोंदच आहे. मात्र स्तंभाइतकीच मोडतोड होडीच्या प्रतिबिंबाला देऊ नये, आणि माझ्या मते बहुतेक जण फसतात ते इथेच. लाटेचा उतार किरणाला ठरावीक कोनातून वळवतो, पण त्या वळणाने चित्र किती सरकेल हे वस्तू त्या पाण्याच्या ठिपक्यापासून किती दूर आहे यावर ठरते. स्तंभ कितीतरी दूर असतो, म्हणून त्याचे प्रतिबिंब पूर्ण सरकते. होडी पाण्याला टेकते तिथे अंतर शून्य, म्हणून तिथले प्रतिबिंब जवळजवळ अखंड राहते आणि खाली येत जाईल तसे विस्कटते. आपल्या उदाहरणात डोक्याच्या प्रतिबिंबापाशी ही मोडतोड स्तंभाच्या साधारण 40 टक्के भरते. त्याच ओळीत स्तंभ बाजूला 20 पिक्सेल हलत असेल, तर डोके 8 पिक्सेल हलावे.

हे Displace मध्ये असे उतरवावे. मूळ तलावाची कृष्णधवल प्रत घेऊन तिच्यावर Filter > Other > High Pass सुमारे 20 पिक्सेलने चालवावा. ही पायरी गाळली, तर आकाश पडलेला उजळ भाग सगळे चित्र एकाच दिशेला ढकलतो. High Pass नंतर मधला राखाडी म्हणजे 128 हा ‘न हलवण्याचा’ रंग सगळीकडे पायाला येतो. त्यावर 50 टक्के राखाडीचा लेयर ठेवून त्याला असा ग्रेडियंट मास्क द्यावा की होडीच्या पाण्याच्या रेषेवर राखाडी पूर्ण राहील आणि डोक्याच्या प्रतिबिंबापर्यंत ती विरून जाईल. हे PSD म्हणून जतन करून, कोणतेही सिलेक्शन न ठेवता, प्रतिबिंबाच्या लेयरवर Filter > Distort > Displace चालवावा. तिथे 100 म्हणजे जास्तीत जास्त 128 पिक्सेल, म्हणून 8 पिक्सेलांसाठी Horizontal Scale 6 पुरतो. Vertical Scale त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवावा, कारण तिरक्या नजरेने पाहताना लाटा प्रतिबिंबाला आडवे कमी आणि उभे जास्त ताणतात.

रंगाचे थोडक्यात सांगतो. नावाड्याचा पांढरा सदरा पाण्यात मूळपेक्षा गडद दिसायला हवा आणि डांबर लावलेली काळी बाजू किंचित उजळ, कारण गढूळ पाण्याचा स्वतःचा रंग तिच्यात मिसळतो. किती, ते पलीकडच्या काठावरची भिंत आणि तिचे प्रतिबिंब Info पॅनेलमध्ये ताडून ठरवावे.

होडी काढताना उलट अडचण येते. होडी पुसली जाते, पण तिच्यामुळे झाकलेली पलीकडच्या झाडांची प्रतिबिंबे आणि स्तंभाची रेघ परत आणावी लागते. मी एकदा ती विसरलो आणि स्तंभ पाण्यात मधेच कापलेला राहिला. Clone Stamp चा नमुना नेहमी त्याच आडव्या ओळीतून घ्यावा, कारण वरखाली गेलात की लाटांचा आकार बदलतो. चालत्या होडीमागे पाण्यात उमटणारा पाचरीसारखा माग मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांपर्यंत पसरतो. तिरक्या नजरेने तो चपटा होऊन होडीपासून बराच लांब पोहोचलेला असतो, त्यामुळे सिलेक्शन होडीपुरते न ठेवता त्या मागाच्या टोकापर्यंत न्यावे.