वार्तापत्राची पहिली ओळ

तुझा मसुदा वाचला. ‘प्रिय वाचकहो, सस्नेह नमस्कार. मार्चचा अंक आपल्या हाती देताना आनंद होत आहे.’ यात महिन्याचं नाव बदललं की ही ओळ ऑगस्टलाही चालेल, म्हणूनच ती साच्यातली वाटते. शिवाय इनबॉक्समध्ये विषयाशेजारी मजकुराचे पहिले काही शब्दच दिसतात, आणि तुझे ते सगळे नमस्कारातच खर्ची पडतात.

आपला इंदूरचा अंक रंगपंचमीनंतर, म्हणजे गेरची रंगीत मिरवणूक होऊन गेल्यावर निघतो ना? मग असं लिही: ‘नमस्कार! गेरचा रंग कपड्यांवरून निघाला का? राजवाड्याला गेलेल्यांचा अजून निघाला नसेल.’ इथे वाचकाने आठवड्यात जे पाहिलं, त्याबद्दल तू त्याला विचारतेस. आपुलकी त्या विचारण्यात येते, ‘सस्नेह’ लिहून येत नाही. मात्र यादीत पुण्याला किंवा परदेशी गेलेले इंदूरकरही असतील, तर ‘यंदा लांबून गेर पाहिलेल्यांनाही’ एवढं जोड, म्हणजे तेही परके राहत नाहीत.

नाव आपोआप घालण्याच्या फंदात पडू नकोस. यादीत नाव नसलं की ‘प्रिय ,’ असं उघडं पडतं, आणि सत्तरीच्या काकूंना नुसतं ‘प्रिय सुनीता’ गेलं तर खटकतंच.

आणि अंकात कुणाला श्रद्धांजली असेल, तर रंगाची ओळ काढ. तेव्हा साधा नमस्कार पुरे.